भाड्याच्या दुकानाचं रिनोव्हेशन : खर्चात टाकायचं की असेट करायचं? (राजारामपुरी, ८ लाख ७० हजार)

काठपदर
नमस्कार मंडळी. आमचं कोल्हापुरात राजारामपुरीत साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे, २०१६ पासून भाड्याच्या गाळ्यात. गेल्या वर्षी शेजारचा गाळा रिकामा झाला, मालक एकच, म्हणून तोही घेतला आणि दोन्ही गाळ्यांचं मिळून एकच नवीन लिव्ह अँड लायसन्स केलं, ६० महिन्यांचं, १ जुलै २०२४ पासून, रजिस्टर केलेलं. मधली भिंत काढली, सगळं नवं केलं आणि घटस्थापनेला म्हणजे ३ ऑक्टोबरला मोठं दुकान सुरू केलं.

आता वर्षाचे हिशेब करायला बसलोय तर घरात दोन मतं. दीर म्हणतात जागा आपली नाही, उद्या मालकानं उठ म्हटलं तर उठायचं, मग असेट कसली, सगळे ८ लाख ७० हजार याच वर्षी खर्चात टाका. आमच्याकडे लेजर लिहिणारी मुलगी म्हणते एवढी मोठी रक्कम खर्चात दिसली तर नोटीस येईल, सगळं असेट करा. मला दोन्ही पटत नाहीये.

खर्च असा झालाय : मधली भिंत काढून लोखंडी गर्डर बसवणं १,१०,०००. दोन्ही गाळ्यांना जिप्समचं सीलिंग ९०,०००. फरशी दोन्हीकडे नवी १,६०,०००. रंग ५२,०००. वायरिंग, बोर्ड, लाइट ८०,०००. रॅक, काउंटर, ट्रायल रूम २,४०,०००. दोन एसी ९६,०००. जुन्या गाळ्याचं शटर दुरुस्ती १०,००० आणि जुन्या गाळ्याच्या स्लॅबची गळती ३२,०००.

भिंत, सीलिंग, फरशी, रंग आणि दुरुस्त्या हे जीएसटी धरून आकडे आहेत, वायरिंग, फर्निचर आणि एसीचे जीएसटी सोडून.

गुजरीकर
ताई, तुमचे दीर बरोबर आहेत. भाड्याच्या जागेत केलेलं बांधकाम पहिल्या दिवसापासून मालकाचं असतं, आपल्याला काही मिळत नाही, त्यामुळं तो सगळा महसुली खर्च. सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे मद्रास ऑटो सर्व्हिसचा, १९९८ चा, त्यात तर भाडेकरूनं जुनी इमारत पाडून अख्खी नवी बांधली होती तरी खर्च मान्य झाला. मी माझ्या दुकानाला हेच केलं, काही झालं नाही.

जमाखर्च
गुजरीकर, निकाल खरा आहे पण तो ज्या वर्षांचा आहे ते बघा. निकाल १९९८ ला लागला तरी प्रकरण जुन्या काळातलं, १९८८ च्या आधीचं. त्यानंतर इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यात कलम ३२ मध्ये एक स्पष्टीकरण आलं, की तुम्ही इमारतीचे मालक नसाल पण लीजवर किंवा इतर हक्कानं तिथं धंदा करत असाल आणि तिथं भांडवली स्वरूपाचं काम केलंत, नवं बांधलंत, वाढवलंत, सुधारलंत, तर ते काम तुमच्याच मालकीची इमारत आहे असं समजून घसारा मिळेल. म्हणजे "जागा माझी नाही" हा मुद्दा कायद्यानं तिथंच संपवलाय. तुमचं काही झालं नाही याचा अर्थ कुणी उघडून बघितलं नाही एवढाच.

आणि काठपदर ताई, तुमच्या लेजरवालीचंही चूक आहे. मोठी रक्कम म्हणून असेट असं काही नसतं. दहा हजाराची गोष्ट असेट असू शकते आणि दोन लाखाची दुरुस्ती असू शकते. प्रश्न प्रत्येक कामाला वेगळा विचारायचा : हे काम करायच्या आधी जे होतं तेच परत नीट केलं, की जे नव्हतं ते आणलं? बिल बघून नाही कळत, काम बघून कळतं.

तुमच्या केसमध्ये एक गोष्ट फार महत्त्वाची आहे जी बाकीच्यांच्या लक्षात येणार नाही, ती म्हणजे एक गाळा जुना आहे आणि एक नवा. मला दोन गोष्टी सांगा. रंगाचे ५२,००० दोन गाळ्यांत कसे विभागलेत? आणि जुन्या गाळ्याची फरशी का काढली, फुटली होती का?

काठपदर
काका धन्यवाद. रंगाचं वेगवेगळं आहे कारण रंगाऱ्यानं दोन टप्प्यांत काम केलं, जुना २८,००० आणि नवा २४,०००. फरशीचं म्हणाल तर जुन्या गाळ्यात शहाबादी होती, काउंटरसमोर पाच-सहा फरशा हलत होत्या, पाय ठेवला की कडेनं पाणी वर यायचं पावसाळ्यात. पण सगळी काही खराब नव्हती. दोन्हीकडे एकसारखं दिसावं म्हणून सगळी काढून व्हिट्रिफाइड घातली. गाळे साधारण सारख्याच मापाचे, म्हणजे ८०-८० हजार धरा.

आण्णा_उद्यमनगर
गर्डर कुनी बसवला ताई? मधली भित काढताना वर स्लॅबचा लोड हाय, आय सेक्शन कितीचा टाकला ते बगून घेतलासा नव्हं? आमच्याकडं लोक भित काढत्यात आनि चॅनेल टाकून मोकळं हुत्यात. मालकाची लेखी परवानगी घ्या आदी, न्हाईतर जाताना भित परत बांधून द्या म्हनंल.

काठपदर
आण्णा, इंजिनिअरकडून काढून घेतलं होतं, कागद आहे. मालकाची एनओसीपण आहे. त्यात लिहिलंय की जागा सोडताना फर्निचर, एसी नेता येईल, बाकी सगळं जागेवर सोडायचं.

जमाखर्च
ही एनओसी जपून ठेवा, पुढं कामाला येईल.

आता एकेक घेऊ. आधी जे सोपं ते. जुन्या गाळ्याचा रंग २८,०००, तुम्ही तिथं आठ वर्षं धंदा करताय, रंग उडाला, परत दिला. दुरुस्ती, याच वर्षी खर्च. शटरची पट्टी आणि स्प्रिंग बदलली असेल, तेच शटर परत चालतं झालं, तोही खर्च.

नव्या गाळ्याचा रंग २४,०००. रंगारी तोच, डबा तोच, आठवडा तोच, पण हा खर्चात नाही टाकायचा. का? कारण त्या गाळ्यात तुमचा धंदा अजून सुरूच झाला नव्हता. तुम्ही घेतला तेव्हा जसा होता तसा तो दुकान म्हणून चालणारा नव्हता आणि तो चालण्याजोगा करायला जो खर्च केला तो त्या कामाच्या किमतीचाच भाग. वापरात असलेली वस्तू सांभाळणं वेगळं आणि वस्तू वापरात आणणं वेगळं. पुढच्या चार वर्षांनी त्याच भिंतीला परत रंग द्याल तेव्हा तो खर्च होईल.

भिंत आणि गर्डर, सीलिंग, नव्या गाळ्याची फरशी यात वाद नाही, आधी नव्हतं ते आलं, भांडवली.

नवीनआर्टिकल
मी सीएची आर्टिकलशिप करतोय, चुकलो तर सांगा सर. दुरुस्तीवर कलम ३० लागतं ना, त्यात भाडेकरूनं दुरुस्तीचा खर्च करायचं कबूल केलेलं असलं पाहिजे अशी अट आहे. म्हणजे ॲग्रीमेंटमध्ये तसं कलम पाहिजे. ताईंच्या ॲग्रीमेंटमध्ये काय आहे? आणि २००४ पासून त्याच कलमात असंही आहे की दुरुस्ती म्हटलं तरी भांडवली स्वरूपाची असेल तर चालणार नाही.

काठपदर
आत्ता काढून बघितलं. "किरकोळ दुरुस्ती लायसेन्सीने स्वखर्चाने करावी, इमारतीची मोठी दुरुस्ती लायसेन्सॉर करेल." असं आहे. म्हणजे स्लॅबची गळती मालकानं करायला पाहिजे होती? आम्ही त्यांना दोन पावसाळे सांगत होतो, कपड्याच्या गठ्ठ्यांवर पाणी टपकायचं, काठपदराच्या आठ साड्या डाग पडून वाया गेल्या म्हणून शेवटी आम्हीच करून घेतलं.

जमाखर्च
शाब्बास आर्टिकल, हे बरोबर पकडलंस. शटर, रंग किरकोळमध्ये बसतं. गळतीचं ३२,००० चं काम मोठ्या दुरुस्तीत गेलं तर ती तुमची जबाबदारी नव्हती आणि कलम ३० चा आधार लंगडा होतो. मग कलम ३७ खाली मागता येईल, माल वाचवायला, धंदा चालू ठेवायला केलेला खर्च म्हणून. मी तरी मागीन, पण समोरचा अधिकारी म्हणू शकतो की मालकाचा खर्च तुम्ही का केला.

सोपा मार्ग : मालकाला पत्र लिहून ३२,००० भाड्यातून वळते करून घ्या. मग तो प्रश्नच तुमच्या हिशेबात राहत नाही, पूर्ण भाडं खर्चात आणि दुरुस्ती मालकाची. पण ते मालकाच्या तयारीवर.

गुजरीकर
बरं ते १९८८ चं मान्य. पण मग ट्रायल रूम आणि प्लायवूडचं पार्टिशन तरी तात्पुरतं लाकडी बांधकाम म्हणून शंभर टक्के घसारा मिळतो ना? एका वर्षात साफ.

जमाखर्च
शंभर टक्के आता नाही, २०१७-१८ च्या आर्थिक वर्षापासून ४० टक्केच. आणि ते निव्वळ तात्पुरत्या बांधकामाला, म्हणजे साइटवर उभी केलेली लाकडी शेड वगैरे. पाच वर्षांच्या करारात पाच वर्षं टिकावी म्हणून केलेली ट्रायल रूम तात्पुरती आहे असं मी सही करून म्हणणार नाही. लोक मागतात, वाद होतो, कधी मिळतं कधी नाही. ताईंनी फर्निचरमध्ये १० टक्क्यांत ठेवावं असं माझं मत.

पंचगंगाकाठ
आमचं पण सांगते. शाहूपुरीत दुकान, २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा शटर निम्मं पाण्यात. पाणी उतरल्यावर आत गाळाचा इतका थर होता की दारच उघडेना. प्लास्टर खालून तीन फुटापर्यंत काढून परत केलं, फरशी उखडली होती ती परत घातली, तशीच, त्याच मापाची. आमच्या सीएंनी सगळं दुरुस्तीत घेतलं. त्यात आम्ही पुढच्या वेळेला पाणी येऊ नये म्हणून आतली जोती दीड फूट उचलून घेतली होती तेही दुरुस्तीतच गेलं. ते बरोबर होतं का? २०१९ ला पण आलं होतं पाणी, दर वेळी कोण काढणार.

जमाखर्च
ताई, प्लास्टर आणि फरशी दुरुस्तीच, रक्कम कितीही असो, कारण पुरानं जे नेलं तेच तुम्ही परत आणलं. तुमची केस आणि काठपदर ताईंची केस शेजारी ठेवली की फरक कळतो, दोघींनी फरशी बदलली पण एकीनं होती तशी केली आणि एकीनं जास्त चांगली केली.

जोती उचलणं मात्र दुरुस्ती नव्हे. आधी जागा जेवढ्या उंचीवर होती त्यापेक्षा वर आली, पुरापासून वाचण्याचा जो फायदा आधी नव्हता तो कायमचा मिळाला. कारण पूर असला तरी कामाचं स्वरूप सुधारणेचं आहे. आणि विम्याचे पैसे मिळाले असतील तर त्या दुरुस्तीतून वजा केले होते का तेही बघा.

पंचगंगाकाठ
विमा मिळाला होता थोडा, तो इतर उत्पन्नात दाखवलाय बहुतेक. विचारते.

नवीनआर्टिकल
सर जुन्या गाळ्याच्या फरशीचं राहिलं. तिथं आधी फरशी होतीच, पाच-सहा खराब होत्या. मग ८०,००० पैकी थोडं दुरुस्ती आणि थोडं भांडवली असं करता येईल का?

जमाखर्च
इथंच मी अडकतो आणि खरं सांगतो, दोन चांगले सीए दोन उत्तरं देतील.

एक बाजू अशी की फरशी ही इमारतीचा एक भाग, जागेचं क्षेत्रफळ वाढलं नाही, नवीन काही उभं राहिलं नाही, झिजलेली बदलली, म्हणून दुरुस्ती. दुसरी बाजू, हलत होत्या पाच-सहा, काढली सगळी, आणि शहाबादीच्या जागी व्हिट्रिफाइड आली तीही मोठ्या दुकानाचा एकसारखा लूक यावा म्हणून. हे सगळं एकाच आराखड्यात, एकाच वेळी झालं. बल्लीमल नवलकिशोर म्हणून १९९७ चा निकाल आहे, थिएटरचा, तिथं मशीन, खुर्च्या, वायरिंग, संडास-बाथरूम सगळं एकदम नवं केलं होतं आणि कोर्ट म्हणालं ही चालू दुरुस्ती नाही, हे पूर्ण नूतनीकरण आहे. तुमची फरशी त्या वळणाला जास्त जवळ आहे.

अर्धं-अर्धं करायला काहीतरी आधार लागतो. फक्त हलणाऱ्या फरशांपुरता मिस्त्रीचा वेगळा अंदाज किंवा आधीचं कोटेशन असेल तर तेवढा भाग मागता येईल. नुसतं अंदाजानं ३० टक्के दुरुस्ती असं लिहिलं तर कागद उभा राहत नाही. ताईंच्या जागी मी असतो तर अख्खे ८०,००० भांडवलीत घेतले असते.

गुजरीकर
मी नसते घेतले. फरशी ती फरशी. तुम्ही फार घाबरवताय लोकांना.

जमाखर्च
मान्य, तुमची बाजू पण मांडता येते असं वरच म्हटलंय. तुम्ही मांडा, फक्त कामाआधीचे फोटो ठेवून मांडा.

काठपदर
मग काका आकडा काय येतो? दिरांना कागदावर दाखवावा लागेल, तोंडी पटत नाही.

जमाखर्च
हे घ्या.

याच वर्षी सरळ खर्च : जुना रंग २८,०००, शटर १०,०००, गळती ३२,००० (मालकानं वळते केले नाहीत असं धरून). एकूण ७०,०००.

इमारतीचं काम : भिंत १,१०,०००, सीलिंग ९०,०००, फरशी दोन्ही १,६०,०००, नवा रंग २४,०००. एकूण ३,८४,०००, घसारा १० टक्के म्हणजे ३८,४००.

फर्निचर आणि वायरिंग-लाइट : २,४०,००० आणि ८०,०००, म्हणजे ३,२०,०००. फर्निचरच्याच गटात इलेक्ट्रिकल फिटिंग येतं, १० टक्के, ३२,०००.

एसी ९६,०००, मशिनरीत, १५ टक्के, १४,४००.

घसारा एकूण ८४,८००. खर्च धरून या वर्षी १,५४,८०० वजा होतील. ८ लाख ७० हजाराऐवजी. दिरांना वाईट वाटेल पण बाकीचे पैसे कुठं जात नाहीत, पुढच्या वर्षांत घसाऱ्यानं मिळत राहतात, हळूहळू.

आणि एक गोष्ट दिरांना आवर्जून सांगा. वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर पहिल्या वर्षी घसारा निम्मा होतो. ३ ऑक्टोबर ते ३१ मार्च मोजा, ऑक्टोबरचे २९, मग ३०, ३१, ३१, २८, ३१. बरोबर १८० येतात. कमी नाहीत, म्हणून पूर्ण घसारा. दसऱ्याला उघडलं असतं तर १७१ दिवस झाले असते आणि ८४,८०० चे ४२,४०० झाले असते. उद्घाटनाची तारीख दाखवणारं काहीतरी असू द्या, त्या दिवशीची पहिली बिलं, पत्रिका, फोटो.

काठपदर
काका हे वाचून अंगावर काटा आला खरंच. सासूबाईंचा हट्ट होता घटस्थापनेचा, मिस्त्री म्हणत होता आठ दिवस द्या. रात्री दोनपर्यंत सीलिंगवाले होते आदल्या दिवशी.

एक विचारायचं राहिलं. आमच्या हिशेबाच्या पुस्तकात पण हेच १० टक्के धरायचे का? करार तर पाच वर्षांचाच आहे.

नवीनआर्टिकल
पुस्तकात नाही ताई, पुस्तकात कराराची मुदत बघायची. इन्कम टॅक्सचं वेगळं.

जमाखर्च
बरोबर. एनओसीत लिहिलंय ना जाताना भिंत-सीलिंग-फरशी सोडायची, म्हणजे तुमच्यासाठी त्याचं आयुष्य जून २०२९ पर्यंतच. ऑक्टोबरपासून मोजलं तर ५७ महिने राहतात. ३,८४,००० ला ५७ नं भागलं की महिन्याला साधारण ६,७३७, या वर्षीच्या सहा महिन्यांचे ४०,४०० च्या आसपास. फर्निचर आणि एसी तुम्ही घेऊन जाणार, त्यांना कराराची मुदत लावू नका, ते स्वतः किती वर्षं टिकतील ते बघा. रिटर्न भरताना पुस्तकातला घसारा मिळवायचा आणि कायद्याचा वजा करायचा.

घरमालक_ताराबाईपार्क
आमचे सगळे करार ११ महिन्यांचे असतात. मग माझ्या भाडेकरूनं ११ महिन्यांत सगळं संपवायचं का? तो तसं म्हणतोय.

जमाखर्च
तो किती वर्षं आहे तुमच्याकडे?

घरमालक_ताराबाईपार्क
नऊ वर्षं झाली. दर वर्षी नवीन करार.

जमाखर्च
मग ११ महिने हे कागदावरचं आहे, त्याचं आणि तुमचं दोघांचंही वागणं तसं नाही. ११ महिन्यांत उठायचं असतं तर त्यानं सहा लाखाचं फर्निचर केलं असतं का? पुस्तकात किती वर्षं धरायची हे त्याला प्रामाणिकपणे ठरवावं लागेल. आणि टॅक्समध्ये ११ महिने असो नाहीतर ११ वर्षं, इमारतीच्या कामाला १० टक्केच.

आण्णा_उद्यमनगर
आमी उलाढालीच्या ८ टक्के नफा धरून भरतोय, ४४एडी. आमाला ह्या भानगडीच न्हाईत. खर्च दाखवा न्हाईतर असेट करा, काय फरक पडत न्हाई. ताई तुमी पन त्यात जावा की.

जमाखर्च
आण्णा, त्या वर्षापुरतं तुमचं बरोबर आहे. पण ४४एडी मध्ये घसारा दिला असंच धरलं जातं. उद्या तुमची उलाढाल वाढली आणि तुम्ही त्यातून बाहेर आलात तर लेथची किंमत तुम्ही मधली वर्षं घसारा घेतला असं समजूनच मोजतात, मूळ किमतीपासून परत सुरू नाही करता येत. म्हणून यादी तरी ठेवा, काय घेतलं, कधी, कितीला.

काठपदर ताई, दोन कडू प्रश्न. सीलिंगच्या आणि टाइल्सच्या बिलावरचा जीएसटी क्रेडिट म्हणून घेतलाय का? आणि गर्डरवाल्याला पैसे कसे दिले?

काठपदर
क्रेडिट घेतलंय. जीएसटीवाल्यांनी सगळी बिलं टाकली, आम्ही काही वेगळं केलं नाही. मी वर आकडे जीएसटी धरून दिले ते बिलाच्या एकूण रकमा बघून दिले, आता लक्षात येतंय.

गर्डरचे ५०,००० ऑनलाइन दिले आणि ६०,००० रोख, तीन दिवसांत २०-२० हजार करून. तो म्हणाला माणसांची मजुरी रोज द्यावी लागते.

जमाखर्च
दोन्हीकडे दुरुस्ती लागेल.

जीएसटीत स्थावर मालमत्तेच्या बांधकामावरचं क्रेडिट अडवलंय आणि बांधकाम या शब्दात नूतनीकरण, बदल, दुरुस्ती सगळं येतं, पण जेवढं पुस्तकात भांडवली केलं तेवढ्यापुरतंच. म्हणजे तुम्ही सीलिंग आणि फरशी असेट केली की त्यावरचं क्रेडिट गेलं. जुन्या गाळ्याचा रंग, गळती खर्चात आहे, त्यावर जीएसटी भरला असेल तर ते क्रेडिट राहतं. रॅक, काउंटर, एसी ही स्थावर नाहीत, त्यांचं क्रेडिट असेट करूनही मिळतं. वायरिंगचं बिल मात्र उघडून बघावं लागेल, भिंतीत गाडलेलं आणि काढून नेता येणारं वेगळं करून. तर भिंत, सीलिंग, फरशी आणि नव्या रंगाचं क्रेडिट उलटवा, वापरलं असेल तर व्याज लागेल. उलटवलंत की ३,८४,००० हा आकडा बरोबर राहतो कारण त्यात जीएसटी धरलेलाच आहे. क्रेडिटही घ्यायचं आणि त्याच जीएसटीवर घसाराही, हे दोन्ही नाही चालत.

रोखीचं जास्त वाईट आहे. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिले की ती रक्कम असेटच्या किमतीत धरतच नाहीत. ६०,००० गेले, त्यावर कधीच घसारा नाही. इमारतीचं काम टॅक्ससाठी ३,२४,००० धरा, घसारा ३२,४००. एकूण घसारा ७८,८०० आणि खर्च धरून १,४८,८००. पुस्तकात मात्र ३,८४,०००च राहतील, पैसे तर गेलेत.

काठपदर
म्हणजे दहा-दहा हजार करून सहा दिवस दिले असते तरी चाललं असतं?

जमाखर्च
दहा हजारापर्यंत अट लागत नाही हे खरं. पण त्यापेक्षा ऑनलाइनच देत चला, मिस्त्रीच्या खात्यावर.

आण्णा_उद्यमनगर
ताई आमच्यासारख्या कारागिराला बी सांगा आदीच. आमी एकच बिल देतो "दुकान काम एकरकमी" म्हनून, कुनी मागत न्हाई म्हनून. गर्डर येगळा, शटर येगळं असं लिवून मागितलं तर देतोय की, काय अवघड हाय त्यात.

काठपदर
हो आण्णा, आमच्या इंटेरिअरवाल्याचं तसंच आलंय, सीलिंग, फर्निचर, वायरिंग मिळून एक बिल आणि एक ओळ. वर मी दिलेले तीन आकडे त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कोटेशनमधले आहेत. ते चालेल का काका?

जमाखर्च
कोटेशनची बेरीज आणि बिलाची रक्कम जुळते का?

काठपदर
कोटेशन ४,१०,००० आणि त्यावर जीएसटी. बिल पण ४,१०,००० आणि जीएसटी. सीलिंगचा जीएसटी त्यानं ९०,००० मध्येच धरून सांगितला होता का ते विचारावं लागेल.

जमाखर्च
विचारा, कारण तसं नसेल तर सीलिंग ९०,००० नाही, १८ टक्क्यांनी १,०६,२०० होतं आणि वरची बेरीज परत करावी लागेल. त्याच्याकडून ओळवार तपशील लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी घ्या, बिल नंबर टाकून, आणि बिलाला जोडून ठेवा. बिलाची तारीख बदलून नवीन बिल मात्र अजिबात मागू नका.

गुजरीकर
काका एक शेवटचं. २०२९ ला ताईंनी जागा सोडली तर टॅक्समध्ये इमारतीच्या कामाचे जे उरले असतील त्याचं काय? पाच वर्षं १० टक्क्यांनी निम्म्याहून जास्त शिल्लकच राहतात. हाच माझा मूळ राग आहे, पैसे मालकाच्या घरात गेले आणि माझा घसारा कागदावर चालूच.

जमाखर्च
तुमचा राग रास्त आहे. पुस्तकात काही उरत नाही. टॅक्समध्ये त्या गटात तुमची दुसरी इमारत असेल तर घसारा चालू राहतो. दुसरं काहीच नसेल तर गट संपला आणि तोटा, असं काही जण घेतात, तर काही म्हणतात विक्री झालीच नाही मग तोटा कसला. मी दोन्ही प्रकारचे हिशेब बघितलेत.

नवीनआर्टिकल
सर आमच्या ऑफिसमध्ये याच मुद्द्यावर दोन सरांचं जुंपलेलं आहे, कळलं काही तर इथं लिहितो.

काठपदर
इंटेरिअरवाल्याचा फोन आला. सीलिंग ९०,००० जीएसटी सोडून होतं. लेटरहेडवर देतो म्हणालाय सोमवारी. म्हणजे इमारतीचं काम पुस्तकात ४,००,२०० आणि टॅक्ससाठी ३,४०,२००. दिरांना रात्री दाखवते.